फायनल राउंडपर्यंत आलेल्या उमेदवाराला नकाराचा मेल कसा लिहायचा

आमच्याकडं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत रिजेक्शन म्हटलं की आधी कास्टिंगच डोळ्यासमोर येतं. एखादा पीस रिजेक्ट झाला की त्यावर लाल रंग मारतात, लाल बिनमध्ये टाकतात, डिफेक्ट कुठला, माल कुठल्या हीटचा म्हणजे भट्टीत कुठल्या वेळी वितळवलेल्या धातूचा, सगळं रजिस्टरला लिहून ठेवतात. आणि माणूस मात्र तीन राउंड देतो, त्यासाठी एक रजा आणि एक हाफ डे घालवतो, इस्त्रीचा शर्ट घालून येऊन जातो, आणि त्याला आपण काय कळवतो तर काहीच नाही, नाहीतर दोन ओळींचा छापील मेल.

मी एका फौंड्री आणि मशीनशॉपच्या युनिटमध्ये एचआर बघते. बायोडेटा बघूनच बाजूला ठेवलेल्यांना छोटा ठरलेला मेल पुरतो, त्यात काही चूक नाही. इथं मी फक्त शेवटच्या राउंडला आलेल्या दोघा-तिघांबद्दल लिहितेय, ज्यांना आपण प्लांट हेडसमोर बसवलं, शॉपफ्लोअरवर फिरवलं, पगाराचा आकडा विचारला आणि मग नाही म्हणायची वेळ आली. त्यांना ठरलेला मेल चालत नाही कारण त्यांना खरंच वाटत असतं की झालं आपलं काम, घरी पण सांगून झालेलं असतं.

एकच केस धरून सांगते. क्वालिटी इंजिनियरची एक जागा होती, गाड्यांच्या पार्टची कास्टिंग आणि कस्टमरच्या तक्रारी हाताळायच्या. शेवटी दोघं उरले. त्यातला एक इचलकरंजीचा, मेकॅनिकल डिप्लोमा, पाच वर्षांचा अनुभव, चांगला मुलगा, पण आम्ही दुसऱ्याला घेतलं. ह्या पहिल्याला मेल कसा गेला ते बघू.

आधी बघा, दुसऱ्याचा होकार लेखी आलाय का

मेल लिहायला बसायच्या आधीच निम्मे लोक इथं घोटाळा करतात. निवड झाली, मीटिंग संपली, उत्साहात त्याच संध्याकाळी बाकीच्यांना नकार पाठवून मोकळे. मग दोन दिवसांनी निवडलेला माणूस म्हणतो, मॅडम, आमच्या कंपनीनं पगार वाढवून दिला, मी इथंच थांबतो. आता ज्याला कालच नाही म्हटलं त्याला परत फोन करायचा. त्याला पण कळतं आपण का फोन करतोय, आणि आला तरी दुसऱ्या नंबरचा म्हणूनच आला हे कायम त्याच्या डोक्यात राहतं.

दुसरं टोक पण तितकंच वाईट. निवडलेल्याचा नोटीस पिरियड साठ दिवस, तो प्रत्यक्ष जॉइन होईपर्यंत ह्याला लटकवून ठेवायचं. दोन महिने माणूस रोज मेल उघडून बघतोय आणि आपण गप्प.

मी मधली रेघ अशी धरते की निवडलेल्याची सही केलेली ऑफर परत आली की नकाराचा मेल जाणार, जॉइनिंगची वाट बघायची नाही. ऑफर परत यायला मी जास्तीत जास्त पाच दिवस देते. आणि ह्या पाच दिवसांत पहिल्याला एक छोटा मेल जातो, की निर्णय अजून पक्का झालेला नाही, अमुक तारखेपर्यंत काय ते कळवते. हे खरं असतं त्यामुळं लिहायला जड जात नाही. तारीख मात्र खरी द्यायची आणि पाळायची. "लवकरच कळवू" हे वाक्य आपल्याकडं इतक्या जणांनी वापरलंय की त्याचा अर्थ "विसरा" असाच झालाय.

ह्या मुलाची मुलाखत मंगळवारी झाली, पुढच्या सोमवारी ऑफर सही होऊन आली, मंगळवारी त्याला मेल गेला.

फीडबॅक कुठनं आणायचा

खरी मेहनत इथं आहे. मेल लिहायला दहा मिनिटं लागतात, फीडबॅकचं एक वाक्य मिळवायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ जातो, कारण मुलाखत घेणारे साहेब लोक सरळ सांगत नाहीत. मी मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी विचारते, दुसऱ्या दिवशी विचारलं तर डोक्यात नुसतं मत उरलेलं असतं, घडलेलं काही आठवत नाही. आमचा संवाद साधारण असा झाला, त्यातला ब्लोहोल म्हणजे गॅस अडकून कास्टिंगमध्ये राहिलेलं भोक.

"साहेब, इचलकरंजीचा मुलगा कसा वाटला?"
"चांगला आहे की. पण जरा कच्चा वाटला."
"कच्चा म्हणजे कुठल्या उत्तराला?"
"तसं नाही ओ, एकंदरीतच."
"ब्लोहोलच्या केसला की पगाराचं बोलताना?"
"हां, ब्लोहोलला. थेट कारणच सांगायला लागला. विचारलंच नाही काही."

बघा, "कच्चा वाटला" हे मत, आणि "काही न विचारता थेट कारण सांगितलं" ही घडलेली गोष्ट. मेलमध्ये दुसरंच जाणार. "कच्चा" लिहिलं असतं तर पोरगं आयुष्यभर डोकं खाजवत बसलं असतं की कशात कच्चा, इंग्लिशमध्ये, दिसण्यात की अनुभवात.

झालं होतं ते असं. साहेबांनी त्याला एक ब्रॅकेट हातात दिला आणि सांगितलं की मशीनिंग झाल्यावर आतून ब्लोहोल उघडे पडलेत, कस्टमरकडं हे पीस सापडलेत, आता काय करशील. मुलानं पहिला भाग झकास सांगितला, कस्टमरकडचा, वाटेतला आणि आपल्याकडचा माल आधी अडवायचा, शंभर टक्के तपासून वेगळा करायचा. मग कारण विचारलं तर लगेच म्हणाला, वाळूत ओलावा जास्त झाला असणार. आता ओलाव्यानं ब्लोहोल येतात हे बरोबरच आहे. पण कोअरमधून, म्हणजे आतली पोकळी यावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या भागातून, गॅस आला तरी येतात, हवा जायला वाट नसली तरी येतात, धातू थंड ओतला गेला तरी येतात. म्हणून आधी विचारायचं की माल कुठल्या हीटचा, कुठल्या शिफ्टचा, भोक सगळ्या पीसमध्ये एकाच जागी आहे का. ज्याला घेतलं त्यानं पीस हातात घेतल्या घेतल्या हेच तीन प्रश्न विचारले होते. फरक एवढाच.

फीडबॅकचं वाक्य मेलमध्ये घालायच्या आधी मी त्याला तीन बाजूंनी बघते. ते मुलाखतीत आपल्या डोळ्यासमोर घडलं का, म्हणजे कुणाकडनं ऐकलेलं किंवा जुन्या कंपनीत फोन करून काढलेलं नको. त्याच्यामुळं निर्णय खरंच बदलला का, का आपण काहीतरी सांगायचं म्हणून शोधून काढलंय. आणि त्या माणसाला त्याबद्दल काही करता येईल का. ब्लोहोलचं वाक्य तिन्हीत बसतं. "आवाज बारीक आहे" हे तिसऱ्यात अडकतं. "लांबून येणार, टिकेल का" ही तर आपली शंका, ती त्याच्या डोक्यावर कशाला घालायची. आणि लग्न, मुलंबाळं, वय, गाव, आडनाव ह्यातलं काही कारण म्हणून पुढं येत असेल तर ते मेलमध्ये कसं लिहायचं हा प्रश्नच नाही, मग निर्णयच परत बघायला पाहिजे. बाईमाणूस म्हणून भरतीत डावलायचं नाही हे आपल्याकडं १९७६ च्या समान मोबदला कायद्यापासून आहे.

आता एक गोष्ट जी मला समजायला वेळ लागला. कधी कधी नाकारलेल्या माणसात काहीच कमी नसतं. दुसऱ्याकडं एखादी गोष्ट जास्त असते, एवढंच. समजा दुसऱ्यानं नवीन पार्टचं कस्टमर अप्रूव्हल स्वतः दोनदा करून घेतलंय आणि ह्यानं ते काम केलेलंच नाही. तिथं खोटी चूक काढायची नाही. सरळ लिहायचं की ह्या जागेला अप्रूव्हलचं काम पहिल्या महिन्यापासून करायचं होतं आणि ज्यांची निवड झाली त्यांनी ते आधी केलेलं आहे, तुमच्या मुलाखतीत सांगण्यासारखी त्रुटी आम्हाला दिसली नाही. मी सुरुवातीला इथं उगीच "कम्युनिकेशन सुधारा" असं ठोकून द्यायचे. एका मुलीनं त्यावर मला लिहिलं की मॅडम, मुलाखतीत तर तुम्हीच म्हणाला होता की छान समजावून सांगता. काय उत्तर देणार? तेव्हापासून बंद.

आणि जागा आतल्याच माणसाला दिली, किंवा पगाराचं जमलं नाही, तर तसंच लिहा. पगाराचं कारण असताना टेक्निकल फीडबॅक लिहिणं म्हणजे त्याला चुकीच्या रस्त्याला लावणं.

आता मेल

भाषेचा प्रश्न आधी. आमच्याकडं मेल इंग्लिशमध्येच जायचे, मी पण तसंच करायचे. पण मुलाखत सगळी मराठीत झाली, चहा पिताना कोल्हापुरीत गप्पा झाल्या आणि नकार मात्र कोर्टाच्या नोटिशीसारख्या इंग्लिशमध्ये, हे मलाच विचित्र वाटायला लागलं. आता ज्या भाषेत मुलाखत झाली त्याच भाषेत मेल जातो. पण मराठीत लिहायला बसलं की लगेच सरकारी मराठी चढते बोटांवर, "आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होत आहे". असं तर आपण कुणी गेल्यावर पण लिहीत नाही. जसं समोर बसून बोललो असतो तसं लिहायचं, फक्त "तुम्ही" म्हणायचं, मुलगा वयानं कितीही लहान असू दे.

सब्जेक्टमध्ये जागेचं नाव आणि "मुलाखतीचा निर्णय" एवढं. "महत्त्वाची सूचना" वगैरे लिहिलं की त्याला वाटतं ऑफर आली. आणि मेल मोबाईलवर आला की सब्जेक्टच्या खाली पहिली ओळ दिसते, त्यामुळं पहिल्याच एक-दोन वाक्यांत नाही हे कळलं पाहिजे. वरती तीन ओळी कौतुक आणि मग "परंतु", असं केलं की वाचणाऱ्याचं कौतुकाकडं लक्षच नसतं, तो "परंतु" शोधत खाली पळतो आणि सापडल्यावर वरचं सगळं खोटं वाटतं. आधी निर्णय, मग बाकीचं.

त्याला गेलेला मेल साधारण असा होता, नाव काढलंय.

> सब्जेक्ट: क्वालिटी इंजिनियर – मुलाखतीचा निर्णय
>
> नमस्कार,
>
> क्वालिटी इंजिनियरच्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. तुम्ही शेवटच्या राउंडपर्यंत आला होता, त्यामुळे ही बातमी आवडणार नाही हे मला माहीत आहे.
>
> ब्रॅकेटच्या केसमध्ये खराब माल कुठे कुठे अडवायचा हे तुम्ही ज्या क्रमानं सांगितलंत ते प्लांट हेडना आवडलं. फरक पडला तो कारण शोधण्याच्या भागात. तुम्ही लगेच वाळूतल्या ओलाव्यावर आलात. माल कुठल्या हीटचा, कुठल्या शिफ्टचा, भोकं एकाच जागी आहेत का, हे आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, कारण ह्या जागेवर कस्टमरसमोर कारण मांडावं लागतं आणि ते हेच प्रश्न विचारतात. पुढच्या मुलाखतीत असा पीस हातात आला तर उत्तराआधी हे प्रश्न विचारून बघा.
>
> ह्या जागेचा निर्णय पक्का आहे. तुमचा बायोडेटा पुढच्या जागांसाठी एक वर्ष आमच्याकडे ठेवायचा असेल तर ह्या मेलला "हो" एवढं उत्तर द्या, नाहीतर आम्ही तो काढून टाकू. काही विचारायचं असेल तर गुरुवारी चार ते पाच मी फोनवर आहे.
>
> तीन वेळा वेळ काढून आलात, शॉपफ्लोअरवर फिरताना ऑपरेटर लोकांशी नीट बोललात, त्याबद्दल आभार.

कौतुक एकच आणि घडलेल्या गोष्टीचं आहे. "तुमचे प्रोफाइल प्रभावी आहे" असं वाक्य कुणालाही चिकटवता येतं म्हणून ते कुणालाच लागत नाही. फीडबॅक पण एकच. साहेबांनी मला चार गोष्टी सांगितल्या होत्या, मी तीन सोडल्या, कारण चार गोष्टी वाचल्यावर माणसाला वाटतं मग मला बोलावलं कशाला होतं. आणि शेवटी काय करून बघायचं हे पण सांगितलंय, नुसतं काय चुकलं एवढ्यावर सोडलं नाही.

"निर्णय पक्का आहे" हे वाक्य लिहिताना हात थांबतो, माझा पण थांबायचा. पण ते नसलं की समोरचा समजतो अजून बोलणी चालू आहेत. तसंच "भविष्यात नक्की संधी देऊ" हे मी एकदा मन राखायला लिहिलं होतं, बिचाऱ्यानं पुढचं वर्षभर दर महिन्याला फोन केला आणि दर महिन्याला मीच खजील. संधी खरंच असेल तर कुठली जागा, साधारण कधी, ते लिहा, नसेल तर तो विषयच नको. बायोडेटा ठेवायला परवानगी विचारते कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे, की माहिती ज्याची त्याला विचारून, ठराविक कामापुरती वापरायची. आणि एक फायदा असा की हो-नाही लिहायचं असल्यामुळं माणसाला उत्तर द्यायला सोपं जातं.

ज्याची निवड झाली त्याच्याबद्दल मेलमध्ये एक शब्द नाही हे पण बघा, कंपनी नाही, अनुभवाची वर्षं नाहीत. शिरोली ते गोकुळ शिरगाव अंतर ते किती, "दहा वर्षं अनुभव, मशीनशॉपवाला" एवढं लिहिलं तरी संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर नाव निघतं, आणि त्या माणसानं अजून आपल्या साहेबांना राजीनामा दिलेला नसतो.

पाठवताना

काहीजण म्हणतात फायनल राउंडवाल्याला आधी फोनच करावा. माझं मत उलटं आहे. फोनवर त्याला तिथल्या तिथं "हो मॅडम, काही हरकत नाही, थँक्यू" असं हसून म्हणावं लागतं, आजूबाजूला शॉपचा आवाज, शेजारी सुपरवायझर उभा. मेल तो पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथं वाचतो. म्हणून आधी मेल आणि फोनची वेळ त्यातच दिलेली, करायचा तर तो करेल. व्हॉट्सॲपवर मात्र नको, निळ्या टिका झाल्या की दोघांची पण पंचाईत.

वेळ मी शिफ्ट बघून ठरवते. पहिल्या शिफ्टवाल्याला दुपारी चारच्या सुमारास, तोपर्यंत तो गेटबाहेर पडलेला असतो. शनिवारी संध्याकाळी पाठवायचा नाही, रविवार त्याचाही जातो आणि विचारायला आपण ऑफिसात नसतो.

उमेदवार कन्सल्टंटकडनं आला असेल तर कन्सल्टंटला मेल गेल्यावर दहा मिनिटांनी कळवते, आधी नाही. आधी कळवलं की तो लगेच फोन लावून सांगतो आणि कारण पण स्वतःच्या मनानं घालतो, "अरे त्यांना बीई पाहिजे होता", आणि मग आपला फीडबॅक कुणी वाचत नाही.

पाठवा दाबायच्या आधी नाव आणि जागा मोठ्यानं वाचायची. जुन्या मेलवरनं कॉपी करताना मागच्या उमेदवाराचं नाव राहून जातं, माझ्याकडनं झालंय एकदा. नंतर माफीचा मेल टाकला, पण पहिल्या मेलमधल्या सगळ्या आपुलकीवर पाणी पडलं ते पडलंच.

उत्तर आलं तर

बऱ्याचदा "धन्यवाद मॅडम" एवढंच येतं, त्याला लांबलचक उत्तर द्यायची गरज नाही. कुणी विचारतं, "कमी पगारात पण यायला तयार आहे". तिथं मी लिहिते की पगार हे कारण नव्हतं आणि निर्णय पक्का आहे, त्यामुळं आकडा कमी करून काही बदलणार नाही. कुणी चिडून लिहितं की सगळं आधीच ठरलेलं होतं. त्याला एकदाच आणि शांतपणे उत्तर द्यायचं, वाद घालायचा नाही, फीडबॅक परत समजावत बसायचं नाही. दुसऱ्यांदा लिहिलं तर गप्प.

फोन आला तर मेलमध्ये लिहिलं तेवढंच बोलायचं, मोठं करून सांगायला हरकत नाही पण नवीन कारण काढायचं नाही. फोनवर माणूस हळवा बोलायला लागला की आपण पण वाहवत जातो, "खरं सांगू का, साहेबांचं असं होतं", आणि मग दोन कारणं तयार होतात, एक लेखी आणि एक तोंडी, आणि तो तोंडीच खरं धरतो. ह्या मुलानं गुरुवारी सव्वाचारला फोन केला. त्याला एवढंच विचारायचं होतं की भोकं एकाच जागी असली तर काय कळतं. मी म्हटलं हे मला विचारू नका, धरा, साहेबांना देते. साहेब वीस मिनिटं बोलत होते त्याच्याशी, की एकाच जागी असतील तर त्या जागचा कोअर नाहीतर हवेची वाट आधी बघायची, सगळीकडं विखुरलेली असतील तर वाळूकडं वळायचं.

माझ्या एक्सेलमध्ये त्याच्या नावासमोर मेलची तारीख, दिलेला फीडबॅक शब्दशः आणि बायोडेटासमोर "हो" असं आहे. पुढं त्यानं परत अर्ज केला तर मुलाखत घेणाऱ्याच्या हातात आधी ती ओळ देणार, म्हणजे मागच्या वेळी एक सांगितलं आणि ह्यावेळी भलतंच, असं होणार नाही.